दाढेतला लोक्या

डॉ. निशा मारबते हसताना अजूनही तोंडावर हात धरते. दातांची डॉक्टर, गडचिरोलीत चामोर्शी रोडवर मोबाईलच्या दुकानावर तिचा दवाखाना, दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावते, आणि स्वतः हसली की हात वर. तिचे समोरचे दोन दात इतके सफाईनं भरलेले आहेत की रोज संध्याकाळी तिच्यासोबत चहा पिऊनही मला त्यातलं खरं किती आणि भरलेलं किती ते कळत नाही. मी विचारलं तर म्हणते, "सवय आहे गं, पुनम. हात आपोआप जाते."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहते. निशाची ही गोष्ट मी सांगते आहे, कारण तिच्यात माझाही हात आहे. मोबाईलवर फिरलेली ती पोस्ट मीच मागितली होती.

पण आधी तो हात तोंडावर का गेला, ते सांगायला हवं.

निशा मूल तालुक्यातल्या चिचखेड्याची. वडील इस्तारीभाऊ गावच्या तलावात मासे धरायचे, आई वच्छलाबाई टोपलं डोक्यावर घेऊन विकायची. घरात ब्रश नव्हता. सकाळी चुलीतली राख बोटावर घेऊन दात घासायचे, तेही घाई नसली तर. गावात किराण्याचं दुकान एकच. मासे दिले की दुकानदार सुट्टे पैसे नाहीत म्हणून पोरीच्या हातावर चार गोळ्या ठेवायचा. त्या गोळ्या निशा गालात धरून शाळेत जायची, रात्री झोपतानाही एक गालात असायची. सातवीत येईपर्यंत तिच्या समोरच्या दोन पक्क्या दातांच्या मधोमध काळी फट पडली आणि खालची एक दाढ ठणकायला लागली.

आठवडी बाजारात एक बाई बसायची, दातातला किडा काढणारी. तिनं निखाऱ्यावर कसलंसं बी टाकलं, नळीतून धूर निशाच्या तोंडात सोडला आणि पाण्याच्या वाटीत चार पांढरे किडे दाखवले. वच्छलाबाईनं ते किडे पाहून बाजारातच हात जोडले. दाढ ठणकत राहिली ती राहिलीच. शेवटी चंद्रपूरला नेऊन काढावी लागली. ते किडे म्हणजे त्या बियांच्याच आतला भाग असतो, उष्णतेनं फुटून बाहेर येतो, हे निशाला कळलं ते कॉलेजात गेल्यावर. तेव्हा ती वर्गात एकटीच संतापली होती. बाकीचे हसले होते.

किराणा दुकानदाराचा मुलगा लोकेश तिच्याच वर्गात होता. तेल लावून चप्प बसवलेले केस, डावीकडे भांग, उजव्या गालावर तीळ, आणि सणावाराला पिवळा शर्ट. त्यानंच तिचं नाव किडकी ठेवलं. रस्त्यात भेटली की खिशातली बॅटरी काढायचा. "तोंड उघड ना वं, किडकी. पाहू दे कितीक हायेत आत!"

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला निशाचं भाषण होतं. दोन पानं तिनं तलावाच्या पाळीवर फिरून पाठ केली होती. इस्तारीभाऊ पहिल्यांदाच शाळेत आले होते, धुतलेला सदरा घालून. ती उभी राहिली, "अध्यक्ष महोदय" म्हणाली, आणि पहिल्या रांगेतल्या पोरांनी एकदम दात विचकले. सगळ्यांच्या समोरच्या दोन दातांवर कोळसा लावलेला होता. मधोमध लोकेश, पिवळ्या शर्टात. पोरं हसली, मागे बसलेले गावकरी हसले, हातात छडी घेतलेले गुरुजीसुद्धा तोंड फिरवून हसले. निशाला पुढचं वाक्य आठवेना. तिनं तोंडावर हात ठेवला आणि खाली उतरली. इस्तारीभाऊ मागून एकटेच घरी आले आणि जाळं घेऊन तलावावर गेले.

"बाबानं पाह्यलं, याचं मले जास्त लागलं," असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. एकदाच.

पुढे ती शिकली, शिष्यवृत्तीवर नागपूरला दंतवैद्यक केलं, पहिल्याच वर्षी सीनियर मुलीनं तिचे दात भरून दिले. सहा वर्षांपूर्वी गडचिरोलीत दवाखाना टाकला. लोकेश घुग्घुसला कोळशाच्या गाड्यांवर सुपरवायझर झाला, लग्न केलं, एक मुलगी झाली. दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं.

गाठ पडली एका लग्नात. फेब्रुवारीत चिचखेड्याला निशाच्या मामेभावाचं लग्न होतं. पंगत बसली होती. लोकेश मठ्ठ्याचा जग घेऊन वाढत होता. निशापाशी येऊन थांबला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं ओरडला, "अबे, हे आपली किडकी! दाताचीच डॉक्टर झाली म्हन्ते! बरंबर आहे, घरातूनच पेशंट सापडला!"

पंगत हसली. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं म्हणे. जुनी ओळख म्हणून बोलला, आणि वर तिच्या ग्लासात मठ्ठाही जास्त ओतला. निशानं हात तोंडाकडे नेला आणि मध्येच थांबवून खाली घेतला. पंगतीत इस्तारीभाऊही बसले होते. त्यांनी पानावरून हात काढला होता.

त्याच आठवड्यात मी तिच्या मागे लागले होते. मार्चमध्ये मौखिक आरोग्याचा दिवस असतो. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायला मुलांसाठी काहीतरी गमतीचं लिहून दे, पालक एकमेकांना पाठवतील असं, म्हणून मी सांगितलं होतं. तिनं एक मसुदा आधी पाठवला होता. 'दंत आरोग्याचे महत्त्व' असं त्याचं नाव होतं. मी कळवलं की हे वाचून पोरं झोपतील.

लग्नाहून परत आल्यावर रविवारी दुपारी तिनं नवं पाठवलं. सोबत तिनंच काढलेलं चित्र: एका दाढेच्या खड्ड्यात खाट टाकून बसलेला एक लठ्ठ जंतू. केस तेल लावून चप्प, डावीकडे भांग, उजव्या गालावर तीळ, अंगात पिवळा शर्ट. आणि खाली हे:

"राम राम पोट्टेहो! मी लोक्या. मले वळखलं नाई? मी तुमच्या मांगच्या दाढेत राह्यतो. मी किडा नाई बरं का, मी जंतू. इतका बारीक की आरशात पाह्यलं तरी दिसत नाई. पन माहा थाट पाहा!

तुम्ही बिस्कूट खाल्लं, मी बी खाल्लं. तुम्ही गोळी चोखली, मी बी चोखली. गोड खाल्लं की मी आंबट पानी सोडतो. त्या पान्यानं दात हळूहळू इरघळते, खड्डा पडते. खड्डा म्हनजे माहा बंगला! मी खाटीवर बसून वरडतो, 'तोंड उघड ना वं, पाहू दे! टाक आनखी एक गोळी!'

सगळ्यात जास्त मले रात आवडते. काऊन? दिवसा तुमच्या तोंडातली लाळ मले धुऊन काढत राह्यते. तुम्ही झोपले की लाळ कमी होते. मंग मी राजा!

मले भेव एकाच गोष्टीचं. ब्रश! सकाळी एक डाव अन राती झोपाच्या आंधी एक डाव. दोन मिनिटं, गोल गोल, बाहीरून, आतून, वरून. सकाळी केलं अन राती झोपून गेले, तं मी हासतो. दोन्ही येळा केलं, तं लोक्या मेला!

आईबाबांसाठी: फ्लोराईड असलेली पेस्ट वापरा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश तुम्ही फिरवा किंवा शेजारी उभं राहून फिरवून घ्या. फेस थुंकू द्या, नंतर खळखळून चुळा नकोत. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. पोस्ट पुढे पाठवा, लोक्याला कुठंच जागा मिळू देऊ नका. डॉ. निशा मारबते."

मी हसून हसून बेजार झाले. मला तेव्हा लोकेश कोण, लग्नात काय झालं, यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी पोस्ट ग्रुपवर टाकली, दुसऱ्या दिवशी वर्गात आवाज काढून वाचली. पोरांनी ती तीन वेळा वाचायला लावली. आठवडाभरात आरमोरी, वडसा, मूल, चंद्रपूर, सगळीकडे गेली. कुणीतरी ढोलकीवर तिचा ऑडिओ केला. अंगणवाडीत पोरं ओरडायची, "लोक्या मेला, लोक्या मेला!" एटापल्लीच्या एका आईनं निशाला कळवलं की पोरगं आता रात्री स्वतःहून ब्रश मागतं.

मी हे सगळं तिला उत्साहानं सांगायला जायची. ती ऐकायची, मान हलवायची, आणि मग एकच विचारायची, "घुग्घुसला पोचली का गं?"

मला वाटायचं तिकडे कोणी नातलग असेल.

पोचली होती. एप्रिलात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत वच्छलाबाई लेकीकडे आल्या तेव्हा मला कळलं. दवाखान्यात पेशंट नव्हता, आम्ही तिघी चहा घेत होतो. वच्छलाबाई म्हणाल्या, "लोकेशचं तं नावच पडलं बापा गावात. किडा आला, किडा गेला. लहान लहान पोट्टे त्याच्या गाडीमांगं धावते अन लोक्या मेला म्हणून वरडते. मांगच्या खेपेला दोन दिवस राह्याले म्हणून आला, अन एकाच दिवसात पळून गेला."

निशानं कप खाली ठेवला. "शर्ट कोणता घातला होता?"

"शर्ट कायचा वं? पिवळा तं तो आता घालतच नाई."

निशा हसली. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हात न धरता हसताना पाहिलं. सगळे दात दिसले. आईला झोपायला पाठवल्यावर तिनं मला सगळं सांगितलं, पंधरा ऑगस्ट, कोळसा, मठ्ठ्याचा जग. "त्यानं मले एक शाळा दाखवली होती हासताना. मी त्याले दोन जिल्हे दाखवले."

"आता बस झालं की," मी म्हटलं.

"बस काऊन? माहे अठरा वर्षं गेले तोंड झाकण्यात. त्याचे दोन महिने झाले." तिनं मोबाईल उघडून मला दाखवलं. चित्र ती अधूनमधून सुधारायची. नव्या चित्रात लोक्याच्या हातात मठ्ठ्याचा जग होता.

मला ते पाहून बरं वाटलं नाही. पण खरं सांगायचं तर वाईटही वाटलं नाही. मीही शाळेत जाडी म्हणून ऐकून घेतलं आहे. मी ते नवं चित्रसुद्धा ग्रुपवर टाकलं.

जुलैतल्या एका शनिवारी माझी अक्कलदाढ दुखत होती म्हणून शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात बसले होते. जिन्यावरून एक बाई आली, तिशीतली, हाताला धरून सहा वर्षांची मुलगी. मुलीचा उजवा गाल सुजलेला, ओढणीनं बांधलेला. मागे एक माणूस होता, तो दारातच थांबला. केस बारीक कापलेले, भांग नाही. गालावर तीळ होता. मी त्याला त्या तिळावरून ओळखलं.

"घुग्घुसहून आलो आम्ही," बाई निशाला म्हणाली. "मी दीपिका. ही पायल. चंद्रपुरात दोन डॉक्टरांकडे नेली, पोरगी तोंडच उघडत नाई. इथी आणायचं मीच म्हटलं. काऊन म्हणून विचारा."

निशाची नजर दाराकडे होती. "काऊन?"

"तुमच्यामुळं झालं म्हणून."

दीपिकानं जे सांगितलं ते असं. पायलच्या दाढेत छोटा खड्डा आधीपासून होता. पण मार्चपासून तिनं दात घासणं बंद केलं. मोरीत जायची, ब्रश ओला करायची, पेस्ट चाटायची आणि यायची. आई मागे लागली की दात घट्ट मिटायची. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, खड्डा वाढला, परवापासून गाल सुजला. मारून झालं, लालूच दाखवून झाली. काल रात्री दीपिकानं तिला कुशीत घेऊन विचारलं तेव्हा पोरगी रडत बोलली.

"काय बोलली?" निशानं विचारलं.

दीपिकानं मुलीकडे पाहिलं. "सांग मॅडमले."

पायल आईच्या पदराआडून बोलली. सुजलेल्या गालामुळे शब्द अर्धे फुटत होते. "शाळेत सगळे म्हणते, लोक्या म्हनजे तुहा पप्पा. तसाच तीळ आहे. दोन येळा ब्रश केलं तं लोक्या मरते." मग हळूच म्हणाली, "मी एक येळा बी नाई करत."

निशा खुर्चीच्या हाताला धरून उभी होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं पश्चात्ताप वगैरे काही दिसला नाही मला, आधी तरी. ती चिडली होती. तिचा घाव नेमका बसला होता आणि तो भलत्याच माणसाला लागला होता, असा तो राग होता.

"मॅडम, तुमी कोणाचं बी नाव टाकलं असन, मले नाई माहीत," दीपिका म्हणाली. "पन पोरं वाचते हे लिहिताना ध्यानात नाई आलं?"

"कोणाचं बी नाई," दारातून लोकेश बोलला. "त्या मॅडमनं माहंच नाव टाकलं. माहंच तोंड काढलं." तो आत आला. "मी तुले सांगतलं नाई, दीपिका. सांगतलं असतं तं कारण बी सांगा लागलं असतं."

"मंग सांग आता," निशा म्हणाली. "बायको आहे, पोरगी आहे. सांग त्यायले."

मला वाटलं तो सटकेल. पण सांगितलं त्यानं, खाली पाहत. बॅटरी सांगितली, पंधरा ऑगस्ट सांगितला. "कोळसा म्याच वाटला होता. गुरुजीच्या चुलीतला." निशाच्या बापाचं सांगताना अडखळला. "इस्तारीभाऊ घरी जाताना दुकानावरून गेले. मले दिसले. म्या त्यायच्यासमोर बी दात काढून दाखवले."

हे निशाला माहीत नव्हतं.

पायल एकदा बापाकडे, एकदा निशाकडे पाहत होती. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं विचारलं, "मंग पप्पा मरन का?"

निशानं खुर्चीवरचा दिवा लावला आणि लोकेशला म्हणाली, "बस."

"मी? पेशंट तं पायल आहे."

"बस म्हटलं ना. टेक मांगं. तोंड उघड."

तो बसला. तिनं मुद्दामच म्हटलं, अगदी हळू, त्याच्याच चालीत, "तोंड उघड ना बे. पाहू दे कितीक हायेत आत." त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन दात आतून काळे पडले होते. निशानं पायलला स्टूलवर चढवून दिव्याजवळ उभं केलं. मग कापसाच्या बोळ्यावर बाटलीतलं लाल औषध घेऊन त्याच्या सगळ्या दातांवर फिरवलं आणि चूळ भरायला लावली. हा रंग दातावरच्या मळाच्या थराला धरतो आणि स्वच्छ जागेवरून निघून जातो. लोकेशच्या दातांवरून फारसा निघाला नाही. हिरडीला लागून, फटींत, मागच्या दाढांवर, सगळीकडे गुलाबी गुलाबी. निशानं त्याच्या हातात आरसा दिला. बायको बघत होती, पोरगी बघत होती, मी बघत होते. त्यानं आरशात पाहिलं आणि मान वळवायला गेला.

"पाय ना," निशा म्हणाली. "पोरीले बी पाहू दे."

ती जरा जास्तच वेळ थांबली, हे मी सांगते. औषधाला तेवढा वेळ लागत नाही. लोकेशच्या ओठांवर गुलाबी ओघळ आले होते, गालापर्यंत. ते पुसायला तिनं कापूस दिला नाही. मला तिचे डोळे दिसले. पंधरा ऑगस्टचा हिशेब ती तिथं उभी राहून वसूल करत होती, आणि तिला ते गोड लागत होतं.

मग तिनं कपाटातून नवा ब्रश काढून पायलच्या हातात दिला. "हे गुलाबी दिसते ना, हे जंतूचं घर. लोक्याचं. लोक्या याच्यात राह्यते. तुहा पप्पा याच्यात राह्यते का?"

पायलनं मान हलवली.

"पप्पा कुठी आहे?"

"खुर्चीत."

"मंग आता ब्रशनं लोक्याले काढ. पप्पा खुर्चीतच राह्यते का नाई ते पाहू."

पायलनं ब्रश उचलला आणि चटकन मागे घेतला. बापानं तिचा हात धरून स्वतःच्या तोंडाशी नेला. निशानं तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली, ब्रश हिरडीकडे थोडा तिरपा धरला, आणि दोघी गोल गोल फिरवू लागल्या. गुलाबी फेस आला. पायल मध्येच थांबून बापाच्या डोळ्यांत पाहायची. तो डोळे मिचकावायचा. चूळ भरल्यावर एक दात पांढरा निघाला, मग दुसरा. मग ती एकटीच घासायला लागली, स्टूलवर टाचा उंच करून. लोकेशच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हिरडी दुखत असेल, दुसरंही काही असेल.

"मेला लोक्या?" निशानं विचारलं.

"मेला."

"अन पप्पा?"

"हायेत," पायल म्हणाली आणि हसली. हसताना गाल दुखला म्हणून लगेच ओरडली. मग आतल्या काळ्या डागांवर ब्रश घासत म्हणाली, "हे काऊन नाई जात?"

"ते लोक्याचं नाई," निशा म्हणाली. "ते पप्पाच्या खर्र्याचं. त्याले ब्रश पुरत नाई. ते त्यायले इचार."

दीपिकानं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याचा घरी जाऊन काय निकाल लागणार ते मला कळलं.

त्यानंतर पायलनं तोंड उघडलं. निशानं दाढेचा छोटा एक्स-रे काढला. खालची दुधाची मागची दाढ होती, नसेपर्यंत किडलेली, खाली पू साचलेला. दीपिका म्हणाली, दुधाचीच आहे तर काढून टाका. निशानं समजावलं, ही दाढ अकरा-बारा वर्षांपर्यंत जागा धरून राहायला हवी, आताच काढली तर मागून येणारी पक्की दाढ पुढे सरकते. त्या दिवशी हिरडी बधिर करून दाढ उघडली, पुवाला वाट करून दिली, औषधं लिहिली. पुढच्या दोन शनिवारी आतल्या नळ्या साफ करून भरल्या आणि वर स्टीलची टोपी बसवली. तिच्यामागे हिरडीतून डोकं काढणारी पक्की दाढ दाखवून पायलला सांगितलं, "हे आता म्हातारपणापर्यंत पुरवायची आहे. हिच्यावरून रोज दोन येळा ब्रश."

त्या पहिल्या दिवशी दीपिका पोरीला घेऊन जिना उतरली, तेव्हा लोकेश मागे थांबला. ओठांना अजून गुलाबी रंग होता.

"आता झालं का?" त्यानं विचारलं.

"नाई," निशा म्हणाली. "माह्या बाबाले दात दाखवले होते तू. ते तू आज सांगतलं. ते कसं होईन?"

त्यानं बाहीनं ओठ पुसले.

"पायलचं झालं," ती म्हणाली. "तिले शनिवारी घेऊन ये. तिची माफी मी मागन. तुही नाई."

आणि मागितली तिनं, टोपी बसवली त्या शनिवारी, पायलसमोर गुडघ्यावर बसून, नीट शब्दांत. पायलला ती माफी कशाची ते कळलं नसावं, ती टोपीला जीभ लावून बघत होती.

पोस्ट निशानं काढून टाकली आणि नवी लिहिली. त्यात जंतूला नाव नाही, तीळ नाही, भांग नाही. एक हिरवा गोळा आहे, आणि एक मुलगी बापाच्या तोंडात ब्रश घालते आहे. खाली लिहिलंय, 'जंतू म्हणजे कोणी माणूस नाही, कोणाचे आईबाबा नाहीत. ब्रशनं फक्त जंतू जातो.' मी ती सगळीकडे पाठवली, पायलच्या शाळेतल्या बाईंना फोन करून वर्गात वाचायला लावली, आणि माझ्या वर्गातही वाचली. पोरांना आवडली नाही. "जुनी वाचा, बाई," म्हणाली. मी नाही म्हटलं तरी मधल्या सुट्टीत ओरडायची ती ओरडतातच.

एकदा पाठवलेलं परत येत नाही. मागच्या महिन्यात सिरोंच्याकडून एका आईचा निशाला मेसेज आला, जुनी पोस्ट, मठ्ठ्याच्या जगवाली, आणि खाली आभार. निशानं मला दाखवलं.

"वाईट वाटते का?" मी विचारलं.

तिनं मोबाईल पालथा ठेवला. "पायलचं वाटते. त्याचं इचारशील तं, त्या आरशात त्यानं स्वतःले पाह्यलं ना, ते मले रोज आठवते. आठवलं की बरं वाटते." मग म्हणाली, "हे कोणाले सांगू नको."

सोमवारी पेशंट कमी होते. इस्तारीभाऊ चिचखेड्याहून कवळीचं माप द्यायला आले होते. निशानं स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडात मापाचा साचा बसवला आणि त्यातलं मिश्रण घट्ट होईपर्यंत, तीन मिनिटं, त्यांच्या गालावर हात ठेवून उभी राहिली.